काकांना काय लिहू

सकाळी काकांच्या पिंकीचा मेसेज. "बाबा विचारत होते, तुझं काही आलं नाही." एवढंच. पुढं काही इमोजी पण नाही.

झालं. सगळा दिवस तेच डोक्यात.

परवा काकांच्या गच्चीवर गाण्याची बैठक झाली, ग्रुपवर त्या रात्रीपासून कौतुकाची रांग लागलीय. अप्रतिम, अविस्मरणीय, कान तृप्त, काका जगात भारी. ज्या माणसानं अख्ख्या मध्यंतरात माझ्या कानाशी "काय हे, पैसे पाण्यात" लावलं होतं त्यानं सगळ्यात मोठा मेसेज टाकलाय, हात जोडलेली सात चिन्हं लावून. आणि मी गप्प, तर माझंच गप्प बसणं दिसतंय. नेहमीचंच आहे हे. ज्याला खुपतं तो खवट, आणि ज्याला खुपत नाही किंवा खुपून पण जो बोलत नाही तो रसिक. असो.

खरं काय झालं ते काकांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय. सहाची बैठक साडेसातला सुरू झाली. बाई सांगलीहून येताना पावसात अडकल्या, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्या थेट गायलाच बसल्या, आवाज लावून बघायला वेळच उरला नाही. साऊंडवाला लग्नाच्या मांडवातला. त्यानं दोन्ही स्पीकर बाईंच्या पाठीमागं उभे केलेले, तोंड आमच्याकडं, म्हणजे वाटेत माईक. वर गच्चीचा पत्रा. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरणार, माईकमधनं परत स्पीकरमध्ये जाणार, आणि उरलासुरला पत्र्यावर आपटून खाली येणार. मग शिट्टी वाजणारच. मागनं कुणीतरी "आवाज येत नाही" म्हटलं की हा पठ्ठ्या आवाज वाढवायचा, आणि बाई तार षड्जाला गेल्या की कूंऽऽ. खरंतर पन्नास-साठ माणसं, डोक्यावर बुटका पत्रा, तिथं माईक नावापुरता पुरला असता. स्पीकर चार पावलं पुढं, माईकच्या पुढ्यात, ओढले असते आणि आवाज निम्मा केला असता तरी भागलं असतं. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात गौड मल्हाराला शिट्टीची साथ.

तबला पण उतरत होता सारखा. दमट हवेत चामडं सैल पडतं, त्याला कोण काय करणार, तो पोरगा बिचारा दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन ठोकत बसायचा. तंबोरे मात्र मिरजेचे, सुंदर लागले होते, त्यांचा आवाज त्या शिट्टीखाली गेला ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. निम्मी जनता मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी बघत होती, एकोणचाळीस फुटाला इशारा म्हणजे घरी जायला रस्ता राहतोय का नाही ते. मसालेभात संपला, त्यावर मी काही बोलत नाही.

आता ह्या सगळ्यावर "अप्रतिम" कसं लिहू? लिहिता येतं हो, बोटं काय झिजत नाहीत. पण काका येडे नाहीत. अख्खी बैठक ते मिक्सरपाशी बसून होते, शिट्टी वाजली की बाईंच्या तोंडाकडं बघायचे आणि तिथूनच हात जोडायचे. त्या माणसाला "साऊंड पण मस्त होता" म्हणायचं म्हणजे तुम्ही बघितलं ते घडलंच नाही असं त्यांना सांगायचं. आणि पुढच्या वर्षी सगळं खरंच जमून आलं तर तेव्हा कुठला शब्द काढायचा? तेव्हा त्यांचा तरी विश्वास बसेल का आमच्यापैकी कुणावर?

दुपारी लिहायला बसलो. पहिला मेसेज फार गुळमुळीत झाला, "कार्यक्रम छान झाला, आयोजन उत्तम", पुसला. मग आलं उलटं, स्पीकर कुठं हवे, कलाकाराला दोन तास आधी बोलवा, भात किती किलो, असा हा लांबलचक. वाचून बघितला तर तपासणीला आलेल्या साहेबाचा शेरा. ज्या माणसाच्या गच्चीवर अजून ओल्या सतरंज्या वाळत पडल्यात त्याला ह्यातलं काय करायचंय आज? ते त्यांनी विचारलं तर सांगायचं, किंवा पुढच्या आषाढाच्या आधी. तो पण पुसला.

मग डोळ्यासमोर ती बादली आली.

मध्यंतरानंतर पत्रा गळायला लागला, बरोबर दुसऱ्या रांगेत. काकांनी माणसं सरकवली आणि खाली प्लॅस्टिकची बादली ठेवली. आणि विलंबित सुरू झाल्यावर त्या बादलीत टप्, टप्, तालाशी काही संबंध नाही. बाईंची नजर एकदा तिकडं गेली. काका वाकून उठले, खांद्यावरचा पंचा काढला, घडी घालून बादलीच्या तळाशी टाकला. आवाज बंद. परत येऊन मिक्सरपाशी बसले, खांदा मोकळाच. मला नाही वाटत कुणी बघितलं असेल. पण त्यानंतर बाई जे वीस-पंचवीस मिनिटं गायल्या ते माझ्यापर्यंत पोचलं, आणि ते पोचावं म्हणून एक माणूस काय काय करत होता ते मला दिसत होतं. आभार मानायचे तर ह्याचे. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

पण शिट्टीचं वगळायचं का? खूप वेळ अडलो इथं. वगळलं तर परत तेच, लपवाछपवी. लिहिलं तर टोचणार. शेवटी ठरवलं, एकाच वाक्यात लिहायचं, समजूत काढायची नाही, आणि जे माझ्याच्यानं होईल तेवढंच पुढं बोलायचं. "पुढच्या वेळी नक्की मदत करू" असलं हवेतलं नको, ते सगळेच म्हणतात. ग्रुपवर तर नकोच, तिथं बाकीच्यांना वाटायचं हा शहाणपणा दाखवतोय. काकांना एकट्याला.

तर असं गेलं:

"काका, परवा पत्रा गळत होता तेव्हा तुम्ही बादलीत पंचा टाकलात ते मी बघितलं. त्यानंतरचा मल्हार मला नीट ऐकता आला, तो अजून डोक्यात आहे. एवढ्या पावसात तुम्ही बैठक रद्द केली नाहीत आणि काकूंनी साठ जणांना गरम चहा दिला, दोघांचे मनापासून आभार. साऊंडनं त्रास दिला, ते तुम्हाला आमच्याआधी कळलं होतं. पुढच्या वर्षी मी दुपारी चारलाच येतो, स्पीकर आपण दोघं लावून बघू."

पाठवला आणि फोन उलटा ठेवला. निळ्या टिका आल्या का ते बघायला परत सुलटा केला. आल्या होत्या. उत्तर नाही. अर्धा तास गेला. म्हटलं दुखावला माणूस, शेवटचं वाक्य घालायला नको होतं, का त्याच्या आधीचं? अप्रतिम लिहून मोकळा झालो असतो तर एव्हाना अंगठा येऊन विषय मिटला असता. मग वाटलं, दुखावले तर दुखावले, समोरासमोर बोलता येईल, चार गल्ल्या तर आहे घर.

साडेनऊला फोन वाजला. काका. मेसेजचं एक अक्षर नाही.

"अरे, तुझ्या त्या मित्राचा टेंपो आहे न्हवं? सतरंज्या आणि ते स्पीकर परत द्यायचेत. उद्या सकाळी आठला ये. आणि त्या साऊंडवाल्याला तूच सांग काय ते, मी सांगितलं तर भांडण होईल."

म्हणजे आता उद्याची सुट्टी गेली. मित्राला फोन लावतोय, उचलत नाहीये.