मामांच्या पगारातून कापलेले २२५० रुपये

मी चाकणला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ऑफिसात बसतो, बिलं, ट्रिप शीट, ड्रायव्हरची उचल, डिझेलचा हिशोब सगळं माझ्याकडेच. गाड्या अकरा आहेत, बहुतेक १४ फुटी. गेल्या वर्षी शेठना एकदम डोक्यात आलं की प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज रोजच्या रोज दिसलं पाहिजे, कोण डिझेल खातंय ते कळलं पाहिजे. मला एक्सेल येतं म्हणजे जरा बरं येतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते एका दुपारीत उरकलं पण. तारीख, किलोमीटर रीडिंग, लिटर, आणि शेवटच्या कॉलममध्ये आजचं रीडिंग वजा मागचं रीडिंग भागिले आजचे लिटर. ६ च्या खाली गेलं की सेल लाल व्हायचा. शेठ खूश.

मग एका दहा तारखेला आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरची गाडी लाल झाली. ॲव्हरेज ५.३३. या मामांना मी कामाला लागलो तेव्हापासून ओळखतो, माणूस पावतीच्या मागे चहाचे पैसेसुद्धा लिहून ठेवणारा. पण शेठनी आकडा बघितला आणि विषय संपला. ४०० किलोमीटरला ७५ लिटर? आठच्या हिशोबाने ५० लागायला पाहिजेत, मग वरचे २५ लिटर गेले कुठे? २५ गुणिले ९० म्हणजे २२५० रुपये, पगारातून कापा. मी कापले. म्हणजे शीटमध्ये मीच टाईप केलं ते, वजा २२५०.

संध्याकाळी मामा ऑफिसात आले, आवाज नाही चढवला काही नाही, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे बाळा, मला एवढंच सांग, मी पंपावर आलो तेव्हा टाकी रिकामी होती का भरलेली होती ते तुझ्या कॉम्प्युटरला माहितीये का?"

मी म्हटलं, "नाही मामा, त्याचा काय संबंध?"

"मग पेन दे," म्हणाले.

आता हे समजायला आमच्याकडे डिझेल कसं भरतात ते माहीत पाहिजे. चाकणला आमचं एका पंपावर उधारी खातं आहे, तिथे गाडी गेली की टाकी फुल करायची, सही करायची. रस्त्यात मात्र ड्रायव्हरकडे कॅश असते, तीही मोजकी, त्यामुळे बाहेर कोणी फुल करत नाही, ३६०० रुपयांचं टाक, ४५०० चं टाक असं चालतं. मामांची गाडी त्या आठवड्यात संभाजीनगर, वाळूज, जालना अशा फेऱ्यांवर होती. चार पावत्या होत्या:

२ तारीख, रीडिंग ८४,२१०, चाकणला ९६ लिटर, टाकी फुल.
५ तारीख, रीडिंग ८४,६९०, रस्त्यात ४० लिटर.
८ तारीख, रीडिंग ८५,१३०, रस्त्यात ५० लिटर.
१० तारीख, रीडिंग ८५,५३०, चाकणला ७५ लिटर, टाकी फुल.

मामांनी पावतीच्या मागे एक टाकी काढली, चौकोन नुसता, आणि वरून रेघा मारत गेले. टाकी १६० लिटरची. दोन तारखेला काठोकाठ. पाच तारखेपर्यंत ४८० किलोमीटर झाले, आठच्या हिशोबाने ६० लिटर जळाले, म्हणजे टाकीत ६० चा खड्डा पडला. टाकले किती, ४०. म्हणजे २० चा खड्डा तसाच राहिला. पुढे ४४० किलोमीटर, ५५ जळाले, खड्डा ७५ चा, टाकले ५०, राहिला २५ चा. पुढे ४००, अजून ५० जळाले, खड्डा परत ७५. आणि चाकणला आल्यावर बसले किती? ७५. "बघ, बरोबर बसतंय. मी तुझ्या पंपावर ते मागचे २५ पण भरले, ते काय मी पिऊन आलो?"

मी पाच मिनिटं त्या चौकोनाकडे बघत बसलो. माझ्या शीटमध्ये पाच तारखेचं ॲव्हरेज १२ आलं होतं, ४८० भागिले ४०, आणि ते कोणालाच खटकलं नव्हतं कारण हिरवं होतं ना. लोड घेऊन जाणारी गाडी १२ देते म्हटल्यावर मला तिथेच शंका यायला पाहिजे होती. पण आपण लालच बघतो. अर्धी टाकी भरल्यावर आलेला आकडा हा ॲव्हरेज नसतोच मुळी, तुम्ही किती कॅश घेऊन पंपावर उभे होतात एवढंच त्यातून कळतं. टाकी काठोकाठ असली तरच आत किती डिझेल आहे हे नक्की माहीत असतं, म्हणून एका फुलपासून दुसऱ्या फुलपर्यंतच मोजता येतं.

हे कळलं आणि मी घाईघाईत दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा भारी. फक्त फुलच्याच एंट्री मोजायच्या ना, मग बाकीच्या उडवा. फिल्टर लावला, पाच आणि आठ तारखेच्या ओळी गायब, उरलं २ तारखेचं फुल आणि १० तारखेचं फुल, १३२० किलोमीटर आणि ७५ लिटर. ॲव्हरेज १७.६. मोठ्या उत्साहाने शेठना दाखवलं, ते म्हणाले, "हा ट्रक आहे का अल्टो?"

गंमत अशी की रस्त्यात टाकलेलं डिझेल मोजायचं असतंच, फक्त त्या ठिकाणी थांबून भागाकार करायचा नसतो. ते ४० आणि ५० बाजूला धरून ठेवायचे आणि पुढचं फुल आलं की त्याच्या ७५ मध्ये मिळवायचे. ४० अधिक ५० अधिक ७५ म्हणजे १६५ लिटर, १३२० भागिले १६५, बरोबर ८. आणि दोन तारखेचे ते ९६ लिटर? ते यात धरायचे नाहीत, कारण ते त्याच्या आधी पळालेल्या किलोमीटरचं डिझेल आहे, त्या फुलचं काम फक्त सुरुवातीची खूण म्हणून. हे मला परत मामांनाच विचारावं लागलं, खरं सांगतो.

रात्री घरी बसून शीट नव्याने केली. B मध्ये रीडिंग, C मध्ये लिटर, D मध्ये फुल असेल तर Y नाहीतर N. दुसऱ्या ओळीत पहिली फुल एंट्री, तिसरीपासून हे तीन फॉर्म्युले:

```
E3: =IF(D2="Y",C3,E2+C3)
F3: =IF(D2="Y",B2,F2)
G3: =IF(D3="Y",(B3-F3)/E3,"")
```

E मध्ये मागच्या फुलनंतर टाकलेले लिटर साठत जातात, F मध्ये मागच्या फुलचं रीडिंग धरून ठेवलंय, आणि G मध्ये ॲव्हरेज फक्त फुल झालं तरच येतं, नाहीतर सेल रिकामा. शेठना तो रिकामा सेल सुरुवातीला अजिबात आवडला नाही, "आजचं का दिसत नाही?" म्हणून रोज फोन. दिसणार कसं, गाडी जालन्याला अर्ध्या टाकीवर उभी आहे. महिनाअखेरीला पण तोच घोळ, शेवटचं फुल २७ ला झालं असेल तर त्यानंतरचं डिझेल आणि किलोमीटर दोन्ही पुढच्या महिन्यात जातात. आता त्यांना सवय झालीये.

अजून एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकवली होती. महिन्याचं ॲव्हरेज काढताना G कॉलमला सरळ AVERAGE लावला होता. त्याच गाडीचे तीन आकडे आले होते, १३२० किलोमीटरला ८, नंतर ६६० ला ८२ लिटर म्हणजे ८.०५, आणि मग चाकणातच लोडिंग-अनलोडिंग करत ९६ किलोमीटरला १६ लिटर, ६. तिघांची सरासरी ७.३५ येते. म्हणजे गावातल्या गावात फिरलेले ९६ किलोमीटर त्या १३२० च्या बरोबरीने बसतात, हे कुठलं गणित? सगळे किलोमीटर २०७६ भागिले सगळे लिटर २६३ केलं की ७.८९ येतं, ते खरं.

आणि त्या १६ लिटरवर तर माझा तसाही फार विश्वास नाही. फुल म्हणजे नक्की किती हे पंपावरच्या पोऱ्यावर असतं. नोझल पहिल्यांदा कट झाला की कोणी तिथेच थांबतो, कोणी फेस बसायची वाट बघून अजून दोन-तीन लिटर घालतो, गाडी जरा तिरकी उभी असेल तर अजून वेगळं. १६५ लिटरमध्ये ३ लिटर इकडेतिकडे झाले तर ८ चं ७.८६ होईल, कोणाला पत्ता लागणार नाही. १६ मध्ये ३ इकडेतिकडे झाले तर ६ चं ५.०५. एका ब्लॉकला, म्हणजे एका फुलपासून दुसऱ्या फुलपर्यंतच्या टप्प्याला, एकदम जास्त आणि लगेच पुढच्याला एकदम कमी आलं, की मी आधी समजतो की मधलं फुल नीट फुल नव्हतं, आणि दोन्ही ब्लॉक जोडून बघतो. आता ५०० किलोमीटरच्या आतला आकडा लाल झाला तरी मी शेठपर्यंत नेत नाही, सलग तीन ब्लॉक कमी आले तरच नेतो. तसं एका गाडीत झालं पण, तीन वेळा साडेसहाच्या आसपास, शेवटी मागचं ब्रेक लायनर घासत चाललं होतं, ड्रम हात लावता येणार नाही एवढा गरम.

मामांचे २२५० पुढच्या पगारात परत आले. शेठ तोंडाने काही बोलले नाहीत, दिवाळीला मिठाईचा बॉक्स मात्र मामांना मोठा दिला. मामा आता फुलच्या पावतीवर लाल पेनने गोल करतात, बाकीचे ड्रायव्हर त्यांचं बघून करायला लागले.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, सिन्नरच्या पुढून. "बाळा, एक घोटाळा झाला, काल डिझेल टाकलं त्याची पावती वाऱ्याने उडाली. पैसे ३००० का ३५०० दिले नीट आठवत नाही. आता तुझं ते मधलं गणित गेलं ना?"

मी म्हटलं, "गेलं मामा. आठवून काही लिहू नका. चाकणला येऊन फुल करा, तिथून नव्याने धरू."

"बरं," म्हणाले, "पण तो ब्लॉक लाल नको दाखवू."

दाखवला नाही. G मधला तो सेल रिकामा ठेवलाय आणि शेजारी लिहिलंय, पावती उडाली.