ऑटोक्लेव्हच्या एका सहीसाठी चार दिवस

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला असताना प्रोसिजर बुकातली बाकी सगळी पानं भरली होती. बेड मेकिंग, टीपीआर, बीपी यांच्या सह्या आठवड्याभरात झाल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनच्या, पानावर. जळगाव जिल्ह्यातल्या ज्या रुग्णालयात आमची पोस्टिंग होती, तिथल्या सीएसएसडीच्या, म्हणजे हत्यारं-कापड स्टराइल करणाऱ्या विभागाच्या, रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे दोनदा ‘रिजेक्ट’ लिहिलं गेलं आणि दोन्ही वेळा का, ते लिहिणाऱ्यांनी सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला दिवस तोंडी प्रश्नातच गेला. मॅडमनी विचारलं, “2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं बुडवलेला आर्टरी फोर्सेप स्टराइल झाला का?” मी हो म्हणाले आणि परत पाठवले गेले. ही चूक आपल्या बोलण्यातून येते असं माझं मत आहे. कोरोनाच्या काळात गावोगाव हायपोक्लोराइट फवारलं, त्यालाही आपण ‘निर्जंतुकीकरण’च म्हणत होतो. ते डिसइन्फेक्शन होतं. त्यात बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतू कठीण कवचाचे बीजाणू करतात, ते वाचू शकतात. धनुर्वाताचा जंतू त्यातलाच. बीजाणूसकट सगळं मेलं तरच ते स्टरलायझेशन. ग्लुटाराल्डिहाइडला त्यासाठी साधारण 10 तास लागतात. 20 मिनिटांत होतं ते वरच्या दर्जाचं डिसइन्फेक्शन. हत्यारं पाण्यात 20 मिनिटं उकळली तरी ती स्टराइल होत नाहीत. जखमेत, पोटात, रक्तात जाणारी वस्तू स्टराइलच हवी.

दुसऱ्या दिवशी मला गॉजचा ड्रम, म्हणजे झाकणाचा धातूचा डबा, लावायला दिला. मी घड्या अगदी नीट, घट्ट रचल्या, झाकण लावलं, वर उष्णतेने रेघा काळ्या होणारी टेप चिकटवली. 121 अंश, 15 पौंड दाब, 30 मिनिटं. बाहेर काढला तेव्हा टेपवरच्या रेघा गडद काळ्या झाल्या होत्या आणि मी निश्चिंत होते. इन्चार्ज सिस्टरनी ड्रम उघडला, गॉजच्या मधोमध ठेवलेली इंडिकेटरची पट्टी काढली, पाहिली आणि रजिस्टर ओढलं. पट्टीचा रंग बदललाच नव्हता. “पुन्हा लाव,” एवढंच म्हणाल्या. तोवर माझी चोपड्याची एसटी गेली होती.

कारण मला रात्री पुस्तक उघडून शोधावं लागलं. ड्रमच्या अंगाला भोकांची पट्टी असते. ती आत ठेवताना उघडी ठेवायची आणि बाहेर काढल्याबरोबर बंद करायची. माझी आधीपासूनच बंद होती. त्यामुळे ड्रममधली हवा आतच अडकली. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मारते ती वाफ, दाब नव्हे. दाब फक्त वाफेला 100 अंशांच्या वर नेण्यासाठी असतो. वाफ थंड वस्तूवर बसते, तिचं पाणी होतं आणि तेव्हा ती आपल्यात दडलेली उष्णता त्या वस्तूला देऊन टाकते. कुकरची वाफ बोटाला लागली की लगेच फोड येतो तो याचमुळे. हॉट एअर ओव्हनमध्ये कोरड्या हवेला हेच काम करायला 160 अंशांवर 2 तास लागतात. पण वाफ जिथे पोहोचायची तिथे हवा बसलेली असेल तर वाफ वस्तूला शिवतच नाही. म्हणून हवा आधी बाहेर काढायची असते. हवा वाफेपेक्षा जड, ती खालच्या नळीतून जाते. चेंबरमधली निम्मी हवा आत राहिली तर काटा 15 पौंड दाखवतो, पण तापमान 112 च्या आसपासच अडकतं. म्हणून दाबाच्या काट्याबरोबर तापमानाचा काटाही बघायचा, आणि 30 मिनिटं मोजायची ती 121 झाल्यापासून, बटण दाबल्यापासून नाही.

टेप एवढंच सांगते की पॅकला बाहेरून उष्णता लागली. आत वाफ पोहोचली का, हे आतली पट्टी सांगते. आणि मशीन खरोखर मारतंय का, हे बीजाणूंच्या कुपीवरून कळतं. ती लोडबरोबर आत ठेवून नंतर उबवतात; त्यात काही वाढलं तर लोड नापास.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग सेट होता: किडनी ट्रे, गॅलीपॉट, आर्टरी फोर्सेप, डिसेक्टिंग फोर्सेप, कात्री, दुहेरी कापडात. या वेळी तापमान बघितलं, वेळ मोजली, आतली पट्टीही बदलली होती. मे महिना, बाहेर ऊन पेटलेलं. वाफ सोडली, दार उघडलं आणि गरम पॅक निवावा म्हणून कूलरसमोर कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला. सिस्टरनी उचलला, खालून हात फिरवला आणि दुसऱ्यांदा ‘रिजेक्ट’. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “मॅडमना विचार.” मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.

कारण सांगितलं ते तिथल्या मावशींनी. त्यांनी माझा हात धरून पॅकच्या बुडाला लावला. कापड गार आणि दमट लागलं. “हाई वल्लं शे, पोरी,” त्या म्हणाल्या. मग पॅक उघडून दाखवला: किडनी ट्रे मी उताणा ठेवला होता, त्यात चमचाभर पाणी साचलं होतं.

ओलं कापड वातीसारखं काम करतं. ओट्यावरचे, हातावरचे जंतू त्या ओलाव्यातून आत शिरतात. त्यामुळे आत सगळं मेलेलं असलं तरी ओला पॅक अनस्टराइलच धरायचा, आणि वाळवून वापरायचा नाही. कापड बदलून पुन्हा पूर्ण सायकल. माझ्या तीन गोष्टी चुकल्या होत्या. वाफ सोडल्यावर मशीनचं बाहेरचं जॅकेट गरम ठेवून 30 मिनिटं वाळवायचं होतं, ते मी केलंच नाही. ट्रे आणि वाट्या कडेवर तिरप्या ठेवायच्या होत्या, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही निघून जातं. आणि गरम पॅक थंड कडप्प्यावर टेकवला, म्हणून उरलेल्या वाफेचं तिथेच पाणी झालं. जाळीच्या रॅकवर, पंखा-कूलरपासून दूर, निवेपर्यंत हात न लावता ठेवायचा.

चौथ्या दिवशी पॅक कोरडा निघाला आणि सही मिळाली. मावशींनी पुन्हा बुडाला हात लावून बघितला आणि मान हलवली. त्या वेळी मला मनापासून अभिमान वाटला.

आता आठवलं म्हणून सांगते: फोर्सेप आणि कात्री नेहमी उघड्या स्थितीत पॅक करा. मुठीजवळचा रॅचेट, म्हणजे दातेरी खटका, लावलेला असेल तर सांध्यात वाफ जात नाही. रक्ताची हत्यारं आधी गार पाण्यात धुवा, गरम पाण्यात रक्त गोठून दातऱ्यांत चिकटतं, आणि मळाखाली दडलेला जंतू वाफेलाही सापडत नाही. हायपोक्लोराइटमध्ये 10 मिनिटांच्या वर विसरू नका, स्टीलला खड्डे पडतात. पॅक उघडताना पहिली घडी आपल्यापासून लांब न्या, शेवटची आपल्याकडे, म्हणजे हात स्टराइल भागावरून जात नाही. आणि स्टराइल वस्तू उचलायच्या चीटल फोर्सेपचं टोक खालीच ठेवा. ओलं टोक वर केलं तर पाणी दांड्यापर्यंत जातं आणि परत उतरतं.

पुढे तिसऱ्या वर्षी मी त्याच सीएसएसडीत होते. रजिस्टरमध्ये तेव्हाही कारणाचा रकाना नव्हता. मी ‘रिजेक्ट’ समोर पेन्सिलीने लिहायचे: ट्रे उताणा. भोकं बंद. वाळवलं नाही.