काल खंय होतात?

मालवणात एका व्यायामशाळेच्या ब्रँडचं काम आलं होतं. मालकाने आधीच 2000 पत्रकं छापून आणली होती. वर पिळदार दंडाचा फोटो, खाली सहा ट्रेडमिल, दोन क्रॉस ट्रेनर, आणि लाल गोलात वार्षिक फीवर तीस टक्के सूट. आमच्याकडून त्याला फक्त चांगला लोगो हवा होता. ‘गिऱ्हाईक पयलो प्रश्न इचारता, मशिनां किती?’ हे त्याचं म्हणणं. चूक नव्हतं, पण हा प्रश्न नवीन येणारा विचारतो. आलेला माणूस का टिकत नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून लोगो बाजूला ठेवून आम्ही हजेरीवही मागितली. पुढचा सगळा दिवस त्या वहीतच गेला.

फी भरलेली आणि मुदत न संपलेली नावं होती 132. गेल्या तीस दिवसांत एकदा तरी आलेले 58. म्हणजे 74 जणांनी पैसे भरले होते आणि पाय ठेवला नव्हता. मालकाच्या चेहऱ्यावर काळजी दिसली नाही. का दिसावी? 900 चौरस फुटांची जागा. ही 132 माणसं खरोखर आली असती तर संध्याकाळी सातला उभं राहायलाही जागा उरली नसती. स्वस्त वार्षिक फीचा हिशोब अशाच न येणाऱ्यांवर चालतो. पण अशा जागेने फलकावर ‘आपली फॅमिली’ लिहिलं, तर ते लिहिणाराही मनातून मानत नाही.

वही उलटी वाचत गेलं की गावाचं वर्ष दिसायला लागतं. नऊ नावं जूनमध्ये एकदमच घातलेली होती. सगळी होडीवाल्या घरांतली मुलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हाताला वेळ. नारळी पौर्णिमेनंतर ती समुद्रावर गेली ती गेलीच. त्यांना वर्षाची फी विकणं म्हणजे दहा महिन्यांचे पैसे फुकट घेणं. होम-स्टे चालवणाऱ्या बायका दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात गायब. पाहुण्यांचे घावणे-चटणी आठला टेबलावर लागतात, आणि यांची बॅच सातची.

दुपारी आम्ही वहीतून वीस जणांना फोन लावायला ट्रेनरला बसवलं. मालकाला नव्हे. अकरा जणांनी उचलला. त्या अकरांतल्या आठ जणांचं पहिलं वाक्य जवळजवळ एकच होतं: ‘पैशे भरूचे रवले की काय?’ व्यायामशाळेतून फोन येतो तो पैशासाठीच, हे इतकं पक्कं बसलेलं. पैसे बाकी नाहीत, नुसती विचारपूस आहे, हे सांगितल्यावर खरं बोलणं सुरू झालं. एका बाईंना ताप आला होता, दहा दिवस गेले. बऱ्या झाल्यावर त्या परत का आल्या नाहीत? ‘आता काय तोंड दाखवायचं!’ असंच थोड्याफार फरकाने पाच जणांकडून ऐकलं. मशीन, फी, वेळ यांतलं काही आड आलं नव्हतं. खाडा पडला, कोणी विचारलं नाही, आणि मग लाज वाटायला लागली.

वचन इथूनच निघालं. ब्रँडचं वचन कामाचं आहे की नाही, हे आम्ही एका प्रश्नावर तपासतो: ते मोडलं तर गिऱ्हाइकाला कळेल का? ‘तुमच्या आरोग्याची काळजी’ मोडलेलं कळत नाही. ‘तुम्ही दिसला नाहीत तर आम्ही फोन करू’ हे मोडलं तर त्याच आठवड्यात कळतं. प्रश्न राहिला किती दिवसांनी, याचा.

त्याचं उत्तर वहीनेच दिलं. 58 पैकी रोज सरासरी 26 येतात. एका दिवसाच्या खाड्यावर फोन करायचा म्हटलं तर रोज 32 फोन. ते पहिल्याच आठवड्यात बंद पडणार, शिवाय लोकांना जाच वाटणार. सात दिवस थांबलं तर फोन थोडे लागतात, पण तोवर ती लाज बसलेली असते. मागच्या महिन्याच्या वहीत सलग तिसरा खाडा कुठे कुठे पडला त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, तर दिवसाला सातेक निघाले. एका फोनला तीन मिनिटं धरली तर एकवीस मिनिटं. दुपारच्या रिकाम्या वेळात ट्रेनरला हे सहज जमतं. तीन दिवस ठरले.

यातून पुढच्या गोष्टी आपोआप बांधल्या गेल्या, आणि इथे मालक थोडा वैतागला. माणसं वाढली की फोन वाढणार, म्हणून एका बॅचला सोळा, पाच बॅच, एकूण 80 वर प्रवेश बंद. वार्षिक फी बंद, महिन्याची चालू. आधी सांगून घेतलेल्या सुट्टीची फी नाही. होडीवाला आणि होम-स्टेवाली दोघांचीही सोय झाली. या फोनवर फीचा शब्द काढायचा नाही, फी बाकी असली तरीही. बायकांना फोन बाई ट्रेनरनेच करायचा, आणि कुठल्या वेळी केलेला चालेल ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मजकूर सगळ्यांना ढकलणं ही पळवाट मालकाने लगेच सुचवली. ती आम्ही नाकारली. तसा मेसेज आला की माणसाला कळतं, आपण यादीतले आहोत, आपली आठवण कोणाला झालेली नाही.

नाव शोधावं लागलं नाही. दिवसभर ट्रेनर फोनवर जे बोलत होती तेच घेतलं: ‘काल खंय होतात?’ ‘होतात’ मुद्दाम. ‘होतास’ लिहिलं तर बायका बाहेर राहतात, आणि सकाळच्या बॅचला येणाऱ्या निवृत्त गुरुजींना एकेरी कोण बोलणार? संध्याकाळी ते कागदावर मोठं लिहून येणाऱ्या-जाणाऱ्या पाच जणांना दाखवलं. चार हसले. एक बाई म्हणाल्या, ‘शाळेतल्या बाई ओरडतायत असं वाटतं.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. आवाजातला जिव्हाळा अक्षरांत उतरत नाही. म्हणून खाली दुसरी ओळ आली: ‘तीन दिवस दिसला नाहीत, तर आम्ही विचारणार.’ आता पहिली ओळ चेष्टेची वाटते आणि दुसरी कामाची.

फलकावर डंबेल नाही, दंड नाही. गडद निळ्यावर पांढरी देवनागरी, एवढंच. मात्र खर्च कुठे वाचवायचा नाही हे सांगावं लागलं. इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी चौकट लवकरच तांबेरते आणि गंजाचे ओघळ अक्षरांवर उतरतात. चौकट अ‍ॅल्युमिनियमची आणि स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. नेहमीच्या 304 ग्रेडला समुद्राकाठी गंजाचे ठिपके पडतात.

आत आरशाशेजारी काळा फळा, त्यावर खडूने त्या दिवशीच्या फोनची नुसती संख्या. नावं लिहायची नाहीत, नाहीतर सगळ्या बाजाराला कळतं कोण आला नाही ते. संख्या मात्र रोज दिसली पाहिजे, कारण फळ्यावर दोन दिवस तोच आकडा राहिला की वचन सुटत चाललंय हे सगळ्यात आधी रोज येणाऱ्यांना कळतं.

निघताना मालकाने विचारलं, फी कुठे लिहायची? टेबलावरच्या एका कागदावर, विचारील त्याच्यासाठी. आणि ती 2000 पत्रकं? मागची बाजू कोरी होती. ट्रेनरने एका पत्रकाचे चार तुकडे करून फोनच्या चिठ्ठ्या केल्या: नाव, कितवा खाडा, काय म्हणाले, कधी येणार.