भोंग्यापासून शॉर्ट्सपर्यंत : पहिल्या तीन सेकंदांचं काम

आमचा स्टुडिओ लातुरात, गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुरुवात रिक्षाच्या भोंग्यापासून झाली. साडीचा सेल, नवीन दवाखाना, सप्ताह, निवडणूक, जे येईल ते रेकॉर्ड करून मेमरी कार्डात भरून द्यायचं. पुढं लग्नाच्या शूटिंगनं काही वर्षं भाडं निघालं. आता निम्म्याहून जास्त काम मोबाईलवरच्या उभ्या, अर्ध्या-एक मिनिटाच्या व्हिडिओंचं आहे, आणि त्यातही गिऱ्हाईक पैसे देतं ते मुख्यतः स्क्रिप्ट दुरुस्त करून घेण्याचे.

भोंग्याची लिहिण्याची रीत वेगळी होती. रिक्षा दारावरून जाते, ऐकणारा जागेवरच असतो. म्हणून दुकानाचं नाव आधी, पुन्हा मध्ये, पुन्हा शेवटी. शॉर्टमध्ये व्हिडिओ जागेवर असतो आणि बघणारा निघून जातो. जुनी सवय घेऊन लिहिलेली स्क्रिप्ट इथं नावातच संपते.

एक काम सविस्तर सांगतो. मोंढ्याजवळचे एक कृषी सेवा केंद्रवाले अण्णा मे महिन्यात आले. विषय चांगला होता : घरच्या सोयाबीनची उगवण क्षमता पेरणीआधी कशी तपासायची. स्क्रिप्ट त्यांनीच लिहून आणली होती. "नमस्कार शेतकरी बांधवांनो! लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या विश्वासाचे एकमेव ठिकाण असलेल्या आमच्या केंद्रात आपले सहर्ष स्वागत आहे. आज आपण घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण क्षमता कशी तपासावी हे पाहणार आहोत."

मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगितलं. तीन सेकंदांला ते "लातूर जिल्ह्यातील" इथं होते. सोयाबीन हा शब्द यायला आणखी बराच वेळ होता. साध्या बोलण्यात मराठीची सेकंदाला पाच-सहा अक्षरं निघतात, म्हणजे तीन सेकंदांत पंधरा ते अठरा. शब्द मोजू नयेत, कारण 'शेतकऱ्यांच्या' आणि 'पोतं' दोन्ही एकेकच शब्द आहेत. आम्ही उच्चारातली अक्षरं मोजतो आणि बारा-तेरावर थांबतो, म्हणजे मध्ये श्वासाला जागा राहते.

नमस्कार काढायला अण्णा लगेच तयार झाले. पण मग त्यांनी उलट टोक गाठलं : "तुमचं सोयाबीन उगवणार नाही!" हे वाक्य थांबवतं, यात शंका नाही. तरी मी ते घेतलं नाही. एक तर ते खरं नाही. दुसरं, बियाणे विकणाऱ्यानं असं म्हटलं की शेतकरी दुसऱ्याच क्षणी ओळखतो, हा घरचं बी टाकून द्यायला सांगणार आणि स्वतःची बॅग गळ्यात मारणार. माणूस थांबतो आणि चिडून जातो. आमच्याकडच्या पोरानं प्रश्न सुचवला, "तुम्हाला माहीत आहे का, घरचं सोयाबीन पेरण्याआधी काय करावं?" यातली अडचण रचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्य नेमकं काय विचारतंय हे तोंडातला शेवटचा शब्द पडेपर्यंत कळत नाही. तोवर अंगठा सरकलेला असतो.

मग मी अण्णांना विचारलं, "तुम्ही स्वतः चाचणी केलीय का यंदा?" ते म्हणाले, "केली की. पुतण्याच्या घरचं बी होतं. शंभरातले चौसष्ट आले."

स्क्रिप्ट तिथंच मिळाली. नवी सुरुवात अशी झाली :

"शंभर दाणे टाकले. उगवले चौसष्ट."

मोजून बारा अक्षरं, मधला ठहराव धरून अडीच-तीन सेकंद. दुसऱ्या वाक्यात क्रियापद पुढं घेतलं आणि आकडा शेवटी ठेवला, कारण कान शेवटच्या शब्दावर टिकतो. 'चौसष्ट उगवले' म्हटलं की वाक्य बंद होतं. 'उगवले चौसष्ट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात येतं, मग आता? हे चांगलं का वाईट? शेतकऱ्याला तो हिशोब आपसूक करावासा वाटतो. आवाज सुरू होतो तेव्हा पडद्यावर उलगडलेलं ओलं पोतं आणि मोड आलेल्या दाण्यांच्या रांगा. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त '१०० पैकी ६४'.

इथंच पुष्कळ जण घसरतात. पहिली ओळ दुरुस्त करतात आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा "तर नमस्कार मंडळी" म्हणतात. दुसरी ओळ पहिलीच्या प्रश्नाकडं जायला हवी. आम्ही लिहिलं : "बी घरचंच, चाळलेलं, दिसायला टपोरं. तरी छत्तीस दाणे मेले." त्यानंतर कृती : ओल्या पोत्यावर दहा-दहा दाण्यांच्या रांगा, वर दुसरं ओलं पोतं, गुंडाळी करून सावलीत, ओल टिकवायची, सहा-सात दिवसांनी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. उत्तर शेवटी : "सत्तर आले तर एकरी तीस किलो. चौसष्ट आले तर तेहतीस. साठच्या खाली आले तर ते बी पेरू नका." तीस गुणिले सत्तर भागिले चौसष्ट करून बघा, तेहतीसच्या आसपास येतं. हिशोब व्हिडिओत सांगितला नाही, नुसता आकडा दिला.

अण्णांचा एकच आक्षेप राहिला, "अन् आमच्या दुकानाचं नाव?" नाव आवाजात शेवटच्या तीन सेकंदांत आलं. पहिल्या चित्रात मात्र पोत्याशेजारी त्यांचंच छापील बिलबुक पडलेलं होतं. त्यांनी ते ओळखलं, हसले, मान्य केलं.

रेकॉर्डिंगमध्ये दोन गोष्टी पाहिल्या. भोंग्याच्या सवयीचा आवाज पहिला शब्द चढ्या पट्टीत लावतो. इथं तो माणूस समोर बसल्यासारखा हवा. म्हणून आधी "हे बघा" म्हणून घेतलं, त्याच ओघात "शंभर दाणे" म्हटलं आणि "हे बघा" कापून टाकलं. आणि फाईलच्या तोंडाशी राहिलेली शांतता काढली. वाचणारा श्वास घेतो त्यातच अर्धा सेकंद जातो. मात्र अगदी 'शं'च्या टोकाला कापू नये, दोन-तीन फ्रेम सोडाव्यात, नाहीतर पहिला वर्ण खाल्ल्यासारखा वाटतो. आमची तुतारीची जुनी दोन सेकंदांची धून तर केव्हाच बाद केली.

परिणाम बघायला यूट्यूब स्टुडिओत Viewed vs. swiped away हा आकडा असतो : किती जण थांबले, किती सरकवून गेले. पण नुसत्या त्यावर निर्णय करू नका, कोणत्या सेकंदाला किती जण बघत राहिले हे दाखवणारा खालचा आलेख बघा. रेघ पहिल्याच सेकंदात कोसळली तर दोष बहुधा चित्राचा असतो, कारण तोवर वाक्य झालेलंच नसतं. तीन-चार सेकंदांला रेघ एकदम खाली आली तर दुसऱ्या ओळीनं दगा दिला. अण्णांच्या व्हिडिओत सुरुवात सपाट राहिली आणि उतार आला तो कृतीच्या मधोमध, पोतं गुंडाळताना. तिथं चित्र लांबलं होतं. पुढच्या वेळी ते छाटलं, आवाज तसाच ठेवला. हा आकडा व्हिडिओ कोणाला दाखवला गेला त्यावरही हलतो. पेरणी उरकल्यावर जुलैत हाच व्हिडिओ टाकला असता तर तीच ओळ पडली असती.

आता गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी स्क्रिप्ट मागत नाही, स्वतः मोजलेला एक आकडा मागतो. सराफांकडं आणि कोचिंग क्लासवाल्यांकडं असा आकडा निघायला वेळ लागतो. त्यांचं काम आम्ही घेतो, पण दर वेगळा सांगतो.