पायाचा वास आणि तळव्यावरचे पांढरे खड्डे, माझा अनुभव

मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे. बारा तास सेफ्टी शूज, वरून मशीनची गरमी, आणि आमच्याकडचा मे महिना तर सगळ्यांना माहितीच. घरी बूट काढले की आई ओरडायची, "बाहेरच पाय धू, मंग आत ये." साबणाने घासघासून धुतले तरी वास जाईना, लग्नात पंगतीला बसायचं म्हणजे चप्पल काढायचीच लाज वाटायची.

मग एकदा अंघोळीनंतर बघितलं तर टाचेला आणि पुढच्या गादीला कातडी पांढरी फुगलेली आणि त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे, काही एकमेकाला चिकटून मोठे झालेले. मेडिकलवाल्याने फंगस म्हणून ट्यूब दिली, तीन आठवडे लावली, फरक शून्य.

शेवटी स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, खाज येते का? नाही. पाय ओला झाल्यावर खड्डे जास्त दिसतात का? हो. म्हणाल्या हे फंगस नाही, पिटेड केराटोलायसिस आहे, म्हणजे बॅक्टेरिया. घामात कातडी भिजून मऊ पडते, मग हे जंतू तिचा वरचा थर विरघळवून खातात, म्हणून खड्डे, आणि त्यातून जे गंधकाचे पदार्थ निघतात त्यांचा तो वास. म्हणून नुसत्या साबणाने काही होत नव्हतं.

औषध दोनच. क्लिंडामायसिन १ टक्का जेल सकाळ-संध्याकाळ, आणि रात्री अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन घाम कमी करायला. हे लोशन पाय पूर्ण कोरडे असतानाच लावायचं, मी पहिल्या रात्री ओल्यावरच लावलं आणि अशी आग झाली की परत धुवायला पळालो. आठवडाभरात वास बराच गेला, खड्डे भरायला मात्र चार आठवडे लागले, कारण कातडी नवीन यावी लागते. मध्येच वास गेला म्हणून जेल बंद करू नका असं मॅडमनी बजावलं होतं.

पण खरी गोची बुटांची. माझा एकच जोड होता, तो रात्रभरात आतून सुकायचाच नाही, सकाळी हात घातला तर थंडगार ओल लागायची. दुसरा जोड घेतला, आलटून पालटून घालतो, आतलं सोल काढून वेगळं सुकवतो, आणि डब्याच्या सुट्टीत मोजे बदलतो (सगळे हसतात, हसू द्या). तरी पावसाळ्यात एकदा दोन दिवस भिजलेलेच बूट घातले तर दहाएक दिवसात टाचेवर परत चार-पाच खड्डे. तेव्हा मॅडमना दाखवून लगेच जेल सुरू केलं, दोन आठवड्यात गेलं.

आता खड्डे नाहीत. आई अजूनही पाय बाहेरच धुवायला लावते.