खाडाखोडीसकट मोडी

«मोडी कागद बाळबोधीत उतरवताना खोडलेले शब्द आणि न लागलेली अक्षरे तशीच का ठेवता? स्वच्छ मजकूर का देत नाही?»

स्वच्छ मजकूर देता येतो, पण त्यातला प्रत्येक निर्णय संपादकाचा असतो आणि वाचकाला तो दिसत नाही. पेशवेकालीन हिशेबी पत्रात ‘सवासें रुपये’ लिहून कारकुनाने ‘सवासें’वर रेघ मारली आणि वर ‘दीडसें’ लिहिले, असे समजू. मी ते ‘⟦सवासें⟧ \दीडसें/ रुपये’ असे उतरवतो: दुहेरी कंसात खोडलेले, तिरप्या रेघांत ओळीच्या वर भरलेले. नुसते ‘दीडसें’ छापले, तर रक्कम बदलली होती हेच हरवते. शाई किंवा हात वेगळा दिसत असेल तर ते तळटीपेत जाते, कारण दुरुस्ती लिहितानाच झाली की नंतर, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

खोडलेल्यासाठीचा दुहेरी कंस १९३१ साली लायडेन येथे पपायरसच्या अभ्यासकांनी ठरवलेल्या चिन्हांतून आला आहे. त्याच पद्धतीत संशयित अक्षराखाली टिंब देतात; देवनागरीत मात्र ते टिंब नुक्ता वाटून ‘ज’चा ‘ज़’ होतो. म्हणून मी अक्षरानंतर लहान कंसात प्रश्नचिन्ह देतो.

सर्वांत अवघड असते ते संशय कुठे नोंदवायचा हे ठरवणे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला की डोळा उरलेली अक्षरे स्वतःच भरतो. माझी कसोटी अशी आहे: आजूबाजूचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकायचा आणि उरलेल्या वळणांवरून दुसरे अक्षर संभवते का ते पाहायचे. संभवत असेल, तर अर्थ कितीही उघड असला तरी प्रश्नचिन्ह लागते. कागद फाटून अक्षरच गेले असेल, तर ते चौकोनी कंसात जाते. ‘रुप[ये]’ मधला ‘ये’ कागदावर नाही, तो मी पुरवला आहे. पूर्तीला आधार नसेल, तर वरच्या ओळीत तेवढ्या रुंदीत किती अक्षरे मावली आहेत ते मोजून कंसात तितकी टिंबे देतो.

मोडीत वेलांटी बहुधा एकच असते, म्हणून ‘वीनंती’ हे ‘विनंती’ करायचे नाही. ‘प॥’ हा संक्षेपही तसाच राहतो आणि ‘परगणे’ हा उलगडा टीपेत जातो. शब्द तोडणे तेवढे मला टाळता येत नाही, कारण सलग बाळबोध कोणी वाचणार नाही. तो हस्तक्षेप मी प्रस्तावनेत सांगतो, मूळ ओळ संपते तिथे उभी रेघ देतो आणि शब्द दोन प्रकारे तुटत असेल तिथे दुसरी तोडणी टीपेत देतो. अर्थ लावलेली, आजच्या शुद्धलेखनातली प्रत हवी असेल तर ती वेगळी करावी, या प्रतीवरूनच. उलट दिशेने मात्र जाता येत नाही.