आमची वाटचाल : नऊ कार्डांवरून तीन कार्डांवर

आमची फर्म म्हणजे मी, माझी पार्टनर आणि गरज लागली की मदतीला येणारा एक डिझायनर. सुरुवातीला मी एकटीच फ्रीलान्स कॉपीरायटिंग करायचे, आणि काम जवळजवळ सगळं लिंक्डइनवरून यायचं, म्हणजे यायला हवं होतं असं म्हणूया. लोक प्रोफाइल बघायचे, मेसेज करायचे, आणि तिसऱ्या चौथ्या मेसेजला हमखास तोच प्रश्न, "काही सॅम्पल्स पाठवता का?" मी पाठवायचे आणि मग शांतता. मला कळायचंच नाही की प्रोफाइलवर फीचर्ड सेक्शनमध्ये, म्हणजे आपलं निवडक काम कार्डांसारखं मांडायच्या जागेत, नऊ गोष्टी लावून ठेवल्यात तरी माणूस सॅम्पल मागतोच का.

एकदा पार्टनरने (तेव्हा ती पार्टनर नव्हती, मैत्रीण होती) माझं प्रोफाइल तिच्या फोनवर उघडून माझ्यासमोर धरलं. "तुझं काम दाखव बघू यात." फोनवर पहिलं कार्ड पूर्ण दिसत होतं आणि दुसऱ्याची नुसती कडा, बाकी सगळं बाजूला सरकवल्यावर. आणि पहिलं कार्ड काय, तर एका कोर्सचं सर्टिफिकेट! दुसरी एक पोस्ट, सोमवारच्या कंटाळ्यावर लिहिलेली, लाइक्स भरपूर पडले होते म्हणून लावलेली. खरं काम सुरू व्हायचं पाचव्या कार्डापासून. ती म्हणाली, "अगं, इतकं सरकवत कोण बसणार आहे? मी तुझी मैत्रीण असून मला कंटाळा आला." राग आला मला, पण बरोबर होतं तिचं.

त्या रात्री नऊपैकी सहा काढून टाकली. सर्टिफिकेटला प्रोफाइलवर वेगळी जागा असतेच, तिथे गेलं. लाइक्सवाली पोस्ट काढताना जरा जड गेलं, पण त्या पोस्टवरून फार तर मी मजेशीर लिहिते एवढं कळत होतं, दुसऱ्याचं प्रॉडक्ट विकण्यासाठी लिहिता येतं का ते नाही. शिवाय पोस्ट फीचर केली की कार्डावर तिच्याच सुरुवातीच्या ओळी दिसतात, लिंक किंवा फाइल लावली तर टायटल आणि डिस्क्रिप्शन आपल्याला लिहिता येतं. कॉपीरायटरने ही जागा सोडायची म्हणजे कमालच.

पण नुसतं कमी करून भागलं नाही, खरी चपराक नंतर बसली. पहिल्या जागी मी एका क्लायंटच्या लँडिंग पेजची लाइव्ह लिंक लावली होती. काही महिन्यांनी एका नवीन माणसाशी कॉल चालू असताना तो म्हणतो, तुमच्या त्या पेजवर हेडलाइनमध्येच शुद्धलेखनाची चूक आहे. मी उघडून बघते तर काय, क्लायंटने पेज कधीच बदललेलं, माझा एक शब्द शिल्लक नव्हता आणि कार्डावर मात्र टायटल दिमाखात, "मी लिहिलेलं लँडिंग पेज". क्लायंटची काही चूक नाही, पेज त्यांचं, त्यांनी ते का बदलू नये? चूक माझी, दुसऱ्याच्या भिंतीवर माझं चित्र टांगून ठेवलं होतं. ते काम अर्थातच मिळालं नाही.

तेव्हापासून आमचा नियम, पहिलं कार्ड कधीच लाइव्ह लिंक नाही, पीडीएफच. त्यानंतर पहिल्या जागी जे लावलं ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त डोकं आम्ही त्यावरच घातलंय.

बिलिंगच्या एका सॉफ्टवेअरचं होम पेज आम्ही नव्याने लिहिलं होतं. त्याची चार पानांची पीडीएफ केली. अपलोड केल्यावर पहिलं पानच कार्डाचं चित्र होतं, म्हणून त्या पानावर लोगो नाही, आमचं नाव नाही, फक्त मोठ्या अक्षरात दोन ओळी. वरती जुनी हेडलाइन, खोडलेली, "आपल्या व्यवसायासाठी सर्वसमावेशक बिलिंग सोल्यूशन". खाली आमची, "बिल बनवा, पाठवा, पैसे कुठे अडकलेत ते बघा". माणसाने कार्ड उघडलं नाही तरी फरक बाहेरूनच दिसतो. पहिल्या प्रयत्नात आम्ही अख्ख्या पेजचा स्क्रीनशॉट टाकला होता, तो फोनवर टपाल तिकिटाएवढा दिसत होता, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या पानावर जुना मजकूर, तिसऱ्यावर नवा, आणि नव्याच्या बाजूला समासात तीनच टिपा. त्यातली एक अशी, "सपोर्टला येणाऱ्या मेल्समध्ये लोक सोल्यूशन कुठेच म्हणत नव्हते, पैसे अडकलेत म्हणत होते, तोच शब्द वर घेतला." खरं सांगायचं तर या टिपांनीच जास्त काम केलं असं माझं मत आहे, कारण नुसता तयार मजकूर बघून समोरच्याला कळत नाही की यात विचार कुठे केलाय, सोपं वाक्य तर सोपंच दिसतं ना, मग वाटतं हे काय कोणीही लिहील. चौथ्या पानावर आमचं काय आणि दुसऱ्यांचं काय (मजकूर आमचा, डिझाइन त्यांच्या टीमचं), आणि काम कोणत्या महिन्यातलं. रिझल्टचे आकडे टाकले नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी जाहिरातीही वाढवल्या होत्या, मग वाढीचं श्रेय आमच्या हेडलाइनने कसं घ्यायचं?

क्लायंटची परवानगी आधी मेलवर घेतली, आणि मोघम "पोर्टफोलिओत वापरू का" असं न विचारता पीडीएफच जोडून "हे एवढंच पब्लिक दिसेल" असं विचारलं. जुना मजकूर खोडून दाखवायचा म्हटलं की लोक बिचकतात, साहजिक आहे, त्यांनी नाव काढायला सांगितलं, आम्ही काढलं. परवानगी नाहीच मिळाली किंवा काम दुसऱ्याच्या नावाने लिहिलेलं असेल तर आम्ही ते लावत नाही, त्याऐवजी स्वतःच एक काल्पनिक ब्रीफ घेऊन लिहितो आणि टायटलमध्येच "सराव" असं लिहितो. नंतर समजण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

टायटलचंही तेच. आधी होतं "वेबसाइट कॉपी सॅम्पल १". आता आहे "बिलिंग सॉफ्टवेअरचं होम पेज : आधी आणि नंतर". लांब टायटल कार्डावर कापलं जातं म्हणून प्रॉडक्ट काय आहे ते सुरुवातीलाच.

दुसऱ्या कार्डावर ईमेल सिरीज लावली, तीही पीडीएफ, आणि तिसरं एकच कार्ड लिंकचं, आमच्या स्वतःच्या साइटवरचं सर्व्हिसेसचं पान. ही लिंक लावली तेव्हा चित्राच्या जागी जुनाच बॅनर येत होता, साइटवर बदलून झाला तरी. लिंक्डइन लिंकचं चित्र साठवून ठेवतं, ते Post Inspector नावाच्या त्यांच्याच टूलमध्ये यूआरएल टाकून नव्याने उचलायला लावावं लागतं आणि मग कार्ड काढून परत लावायचं. लिंकसोबत कोणतं चित्र दाखवायचं ते साइटच्या कोडमधला `og:image` टॅग सांगतो, त्यातच जुनं चित्र असेल तर कितीही वेळा केलं तरी तेच येणार, आमची अर्धी दुपार यातच गेली.

सॅम्पल्स मागणारे मेसेज अजून येतात, बंद वगैरे झाले नाहीत. पण आता बरेच जण "ते बिलिंगवालं बघितलं, तसंच आमचं पेज आहे" इथून सुरू करतात, त्यामुळे कॉलवर पहिली दहा मिनिटं ओळखपाळख करण्यात जात नाहीत. एक गंमत म्हणजे सगळे बिलिंगसारखंच काम घेऊन यायला लागले, आणि आम्हाला तर ईमेलचं काम जास्त हवंय. म्हणून गेल्या आठवड्यात पहिल्या आणि दुसऱ्या कार्डाची अदलाबदल केली. पार्टनरचं म्हणणं, ईमेलच्या पीडीएफचं पहिलं पान अजून जमलेलं नाही, फोनवर सब्जेक्ट लाइन बारीक दिसते. आज बसून ते बदलणार आहोत.